ओढीला वळण देणारी तार

कोपराचं टोक मोडलं की पहिला प्रश्न असतो, "प्लास्टर घालून भागणार नाही का?" मनगटाचं किंवा पोटरीचं हाड पुष्कळदा प्लास्टरमध्ये जुळून येतं, मग कोपराच्याच हाडाला ऑपरेशन कशाला, अशी शंका येणं साहजिक आहे. समजा, लोणार तालुक्यातल्या सुलतानपूरचा पन्नाशीतला शेतकरी संध्याकाळी मोटरसायकलवरून घसरला आणि वाकलेल्या कोपरावर आदळला. कोपर सुजलं, मागच्या बाजूला बोट फिरवलं तर टोक आणि बाकीचं हाड यांच्यामध्ये खाच लागते. हात डोक्यावर नेऊन, कोपर वाकवून, तो पुन्हा वर सरळ करायला सांगितलं तर जमत नाही. बाजूने काढलेल्या एक्स-रेमध्ये टोकाचा तुकडा दंडाकडे सरकलेला दिसतो. आदळल्यामुळे हाड मोडलं हे खरं, पण तुकडा वर सरकला तो आदळल्यामुळे नव्हे. दंडाच्या मागचा ट्रायसेप्स हा स्नायू नेमका त्या टोकाला चिकटलेला असतो. हाड अखंड असताना तो टोक ओढतो आणि कोपर सरळ होतं. हाड तुटल्यावरही तो ओढतच राहतो, फक्त आता हातात येतो तो सुटा तुकडा.

प्लास्टरबद्दलच्या शंकेचं उत्तर यातच आहे. प्लास्टर सांध्याची हालचाल थांबवतं, स्नायूचं आखडणं थांबवत नाही. कूस बदलताना, दचकताना, वेदनेनं, ट्रायसेप्स प्लास्टरच्या आतही तुकडा खेचतो. हाडवैद्याच्या बांबूच्या कामट्यांची मर्यादाही तीच. तुकडा जागचा हललेलाच नसेल, म्हणजे फट दोन मिलिमीटरपेक्षा कमी असेल आणि कोपर काटकोनात वाकवल्यावरही ती वाढत नसेल, तर स्नायूभोवतीचं आवरण शाबूत आहे असं धरता येतं आणि तिथे प्लास्टर पुरतं. आठवड्याभराने पुन्हा एक्स-रे काढून खात्री मात्र करावी लागते.

गुडघ्याच्या वाटीची गोष्ट त्याच जातीची, फक्त ओढणारा स्नायू कितीतरी दांडगा. मांडीच्या पुढचा स्नायू वाटीला वरून धरतो आणि वाटीखालचा पट्टा नडगीला पकडतो, म्हणजे वाटी दोन्ही बाजूंनी ताणलेली असते. त्यामुळे गुडघ्यावर न आपटताही, पाय घसरून स्वतःला सावरताना स्नायू एकदम आखडला तरी वाटीचे आडवे दोन तुकडे होऊ शकतात. इथे एक बारकावा पाहायला हवा. वाटीच्या दोन्ही कडांना तंतूंचे पडदे असतात. ते शाबूत असतील तर वाटी मोडूनही माणूस झोपल्या झोपल्या सरळ पाय उचलू शकतो; ते फाटले तर पाय उचलत नाही आणि तुकडे दूर जातात. म्हणून एक्स-रे बघून झाला तरी रुग्णाला पाय उचलायला सांगितल्याशिवाय तपासणी पुरी होत नाही. दुखण्यामुळे उचलत नाही की तुटल्यामुळे, एवढं मात्र वेगळं करावं लागतं.

आता ही ओढ थांबवायची कशी? जोसेफ लिस्टर यांनी १८७७ मध्ये वाटीचे तुकडे चांदीच्या तारेनं बांधले. ती तार हाडातून जात होती. दोन भाग एकत्र धरणं हाच तिचा हेतू. पुढे जर्मन शल्यविशारद फ्रीडरिश पाउवेल्स यांनी वेगळा प्रश्न विचारला: ताण हाडाच्या कोणत्या बाजूला पडतो? ओली काठी वाकवली की बाहेरची साल ताणून फाटते आणि आतली बाजू दाबली जाते. कोपर वाकतं तेव्हा टोकाच्या मागची बाजू अशीच ताणली जाते, तर सांध्याकडची बाजू दाबाखाली येते. गुडघा वाकताना वाटीच्या पुढच्या बाजूला ताण आणि सांध्याच्या बाजूला दाब. मग पक्की तार ताणाच्या बाजूला बसवली तर तिथली फट उघडू शकत नाही, आणि स्नायूनं ओढलं की तुकडा तारेभोवती किंचित फिरून सांध्याकडची कड आणखी घट्ट मिटवतो. तोडणाऱ्या ओढीचं असं दाबात रूपांतर होणं, हेच ताणपट्ट्याचं म्हणजे टेन्शन बँडचं तत्त्व.

आपल्या शेतकऱ्याच्या कोपरात साधारण असं करतात. जखम उघडी नसेल तर घाई नसते, सूज उतरेपर्यंत काही दिवस थांबता येतं. तुकडा जागेवर बसवून टोकातून दोन समांतर, साधारण १.६ मिलिमीटर जाडीच्या स्टीलच्या तारा हाडात घालतात आणि त्यांची टोकं पुढच्या कडक थरात रुतवतात. त्या तुकडा सरकू देत नाहीत. पण ताणपट्टा त्या नव्हेत. फटीपासून काही सेंटिमीटर खाली हाडाला आडवं भोक पाडतात, त्यातून एक मिलिमीटरची मऊ तार नेऊन इंग्रजी आठच्या आकड्यासारखी मागच्या बाजूनं फिरवतात, वर ट्रायसेप्सच्या खालून, हाडाला लगटून काढतात आणि दोन्ही बाजूंनी सारखी पिळतात. तार स्नायूच्या वरून गेली तर ती मऊ मांसात कापत जाते आणि सैल पडते. सरळ तारांची वरची टोकं वाकवून हाडात ठोकतात. वाटीला तार पुढून फिरते आणि फाटलेले पडदे शिवतात. जखम बंद करण्याआधी टेबलावरच कोपर किंवा गुडघा हळूच वाकवून फट उघडते का ते डोळ्यांनी पाहतात. उघडली तर तार पुन्हा पिळायची.

यावर गंभीर आक्षेप आहे. मृतदेहांच्या कोपरांवरील काही प्रयोगांत स्नायूची ओढ लावल्यावर सांध्याच्या कडेला अपेक्षित दाब मिळाला नाही. उलट कोपर सरळ करणाऱ्या ओढीत फट थोडी उघडली. माझ्या मते यानं तत्त्व खोटं ठरत नाही, पण त्याचा दावा लहान होतो. तार दाब 'निर्माण' करते असं म्हणण्यापेक्षा, वाकताना ताणाची बाजू उघडू देत नाही, एवढंच ठामपणे म्हणावं. म्हणूनच ऑपरेशननंतर दुसऱ्या हाताच्या आधारानं कोपर हळूहळू वाकवू देतात, पण पहिले सहा आठवडे खाटेवरून त्या हातावर रेटा देऊन उठू देत नाहीत, बादली उचलू देत नाहीत. दुसरी अट आतल्या बाजूची. दाब झेलायला तिथे सलग हाड हवं. चुरा झालेला असेल, फट तिरकी असेल किंवा खाली फार दूर गेलेली असेल, तर आत दाबायलाच काही उरत नाही. मग तार पिळली की टोक आत खचतं आणि सांधा अरुंद होतो. तिथे धातूची पट्टी आणि स्क्रू बरे.

पट्टीच का सरसकट वापरत नाहीत? एडिनबर्गच्या एका चाचणीत ७५ वर्षांखालील लोकांच्या मोडलेल्या कोपरात तार आणि पट्टी यांची तुलना झाली. वर्षभरानं हाताच्या कामात फरक दिसला नाही. तारवाल्यांपैकी निम्म्यांना सामान नंतर काढावं लागलं, पट्टीवाल्यांपैकी सुमारे पाचव्या भागाला. तारेची टोकं मागे सरकून कातडीखाली टोचतात, बोटाला दुखरा उंचवटा लागतो. कोपर टेकवून बसणाऱ्याला तो जाचतोच. पण जंतुसंसर्ग झाला तो पट्टीवाल्यांतच. म्हणजे एक त्रास टाळायला दुसरा पत्करावा लागतो, आणि साध्या आडव्या फटीला स्वस्त तार वापरणाऱ्या सर्जनला मागास म्हणायचं कारण नाही.

त्याच शहरात ७५ वर्षांवरील लोकांच्या सरकलेल्या कोपरांना ऑपरेशन करावं की झोळी द्यावी, हेही तपासलं गेलं. ऑपरेशनवाल्यांत गुंतागुंती इतक्या झाल्या की चाचणी मध्येच थांबवावी लागली, आणि हाताच्या कामात दोन्ही गट सारखेच निघाले. कमकुवत हाडात तार धरत नाही, शिवाय त्या वयात कोपरावर फार जोर पडत नाही. हात खाली सोडला की तो बऱ्याच अंशी वजनानंच सरळ होतो. वाटीच्या बाबतीत हा हिशोब लागू पडत नाही. खाटेवरून उठायलाच मांडीचा स्नायू लागतो, आणि पायऱ्या चढताना वाटीच्या मागच्या पृष्ठभागावर शरीराच्या वजनाच्या सुमारे तिप्पट दाब येतो. म्हणून पंचाहत्तरी उलटलेल्या माणसाचं कोपर झोळीत सोडलं तरी चालतं, पण तुकडे दूर गेलेली आणि पाय उचलू न देणारी वाटी, प्रकृतीला झेपत असेल तर, बांधावीच लागते.