करार नेमका कोणी मोडला?

पुणे जिल्ह्यातल्या आंबेगाव तालुक्यात, सातगाव पठारावर, पावसाळी बटाटा होतो. त्यातला काही वेफर्ससाठी करारावर लावतात. बियाणे उधारीवर मिळते, भाव लागवडीआधी ठरतो आणि काढणीनंतर माल खरेदीदाराच्या गाडीत भरायचा असतो. अशा करारात बाजारभाव ठरलेल्या दराच्या निम्म्यावर आला, तर शेतकऱ्याने काय करायचे?

भाव पडले म्हणून माल घेत नाही, असे खरेदीदार क्वचितच तोंडावर सांगतो. आधी गाडी लांबते. मग नमुना घेतला जातो, चार-दोन काप तळले जातात, रंग तपकिरी आला की ‘साखर जास्त आहे’ म्हणून माल नापास. कधी आकार लहान, कधी हिरवटपणा. या कारणांत तथ्य असू शकते; साखर वाढलेला बटाटा तळल्यावर खरोखरच काळवंडतो. पण ज्या मालाला सकाळी नापास केले, त्याच मालाला संध्याकाळी एजंट ‘नऊ रुपयांनी देता का?’ म्हणून विचारत असेल, तर वांधा मालात नाही, भावात आहे, हे ओळखावे.

अशा वेळी बहुतेकांचा संताप होतो आणि माल थेट बाजार समितीत जातो. नुकसान इथेच होते. उद्या कंपनी म्हणते, माल आम्ही मागत होतो, शेतकऱ्यानेच बाहेर विकला. आता बियाण्याचे पैसे भरा. बांधावर झालेले बोलणे सिद्ध करायला हातात काहीच नसते.

भारतीय करार कायदा १८७२ चा आहे आणि त्याचे ३९ वे कलम शेतकऱ्याच्या बाजूचे आहे. समोरच्याने करार पाळायला पूर्णपणे नकार दिला, तर दुसऱ्याला तो संपवता येतो. मात्र शब्दांनी किंवा वागण्याने करार चालू ठेवायला संमती दिली, तर हा हक्क राहत नाही. म्हणून पडेल भाव घेऊन ‘पूर्ण व अंतिम हिशोब’ असे छापलेल्या व्हाउचरवर सही करणे सगळ्यात महागात पडते. पैशांची नड असते, हे खरे. पण निदान ‘हक्क राखून स्वीकारले’ एवढे त्या कागदावर लिहावे.

म्हणून आधी माल तयार असल्याचे लेखी कळवावे: किती टन, कुठे, कधीपासून. व्हॉट्सअॅपचा संदेश चालतो, पण सोबत पोचपावतीसह स्पीड पोस्टाने पाठवलेले पत्र हवे. नापास केल्यास कारण लेखी मागावे आणि दोन्ही बाजूंसमोर पुन्हा नमुना काढण्याची मागणी करावी. मग मुदत द्यावी. आरणीत ठेवलेला बटाटा पावसात फार दिवस थांबत नाही, त्यामुळे मुदत थोड्या दिवसांचीच असावी. ‘या तारखेपर्यंत माल उचलला नाही तर करार संपला असे समजून आम्ही तो बाजारात विकू आणि फरक तुमच्याकडून वसूल करू’, हे वाक्य नोटिशीत असलेच पाहिजे. मुदत उलटली की माल लगेच विकावा. रागाने कुजू दिला तर टाळता आले असते ते नुकसान भरून मिळत नाही; कलम ७३ तसे स्पष्ट सांगते.

आता आकडे पाहू. समजा १२ टन माल, कराराचा भाव किलोला १८ रुपये आणि बाजारात मिळाले ८. करारानुसार २ लाख १६ हजार व्हायला हवे होते, हाती आले ९६ हजार. फरक १ लाख २० हजार. करारात माल शेतावरून उचलायचा ठरला असेल, तर भाडे, हमाली, तोलाईचे १० हजार त्यात धरावेत. मागणी १ लाख ३० हजारांची झाली. यातून उधार बियाण्याचे, समजा ६० हजार, वजा करायचे. करार संपला म्हणून ती उधारी माफ होत नाही. राहिले ७० हजार. हा हिशोब टिकतो तो बाजार समितीच्या पट्टीवर. पट्टीवर तारीख, वजन आणि भाव असतो. खासगी व्यापाऱ्याच्या चिठ्ठीला तेवढे वजन नाही.

वसुलीसाठी जायचे कुठे? २०२० च्या केंद्रीय करार शेती कायद्यात प्रांताधिकाऱ्यांकडे दाद मागता येत होती, पण तो कायदा २०२१ मध्ये रद्द झाला. राज्याच्या बाजार समिती कायद्यात करार शेतीची तरतूद आहे; करार नोंदवलेला असेल तर तिथे तक्रार करता येते. नाहीतर दिवाणी न्यायालय, तेही साधारण तीन वर्षांच्या आत. सत्तर हजारांसाठी वकील आणि तारखा परवडत नाहीत, हे खरेदीदारालाही ठाऊक असते. म्हणून एकाच खरेदीदाराने फसवलेल्या गावकऱ्यांनी नोटिसा एकाच दिवशी पाठवाव्यात.

आणि यंदा करार करणार असाल, तर सही केलेली प्रत हातात आल्याशिवाय बियाणे उतरवून घेऊ नका.