फाइलीवरचे एक पान

जमिनीच्या व्यवहारात वकिलाच्या टेबलावर बहुधा दोरीने बांधलेला गठ्ठा येतो. त्यात सातबारे, फेरफार, खरेदीखताच्या झेरॉक्स, मध्येच एखादी वीजबिलाची पावती. हा गठ्ठा लावून घेण्यातच पहिला तास जातो, आणि त्याचे पैसे अशिलाच्याच खिशातून जातात. गठ्ठ्यावर एक पानी टिपण जोडले, तर वकील थेट कायद्याच्या प्रश्नावर येतो. मात्र ते टिपण कसे लिहिले आहे, यावर सगळे अवलंबून असते.

एक बेतलेले, पण पश्चिम महाराष्ट्रात नेहमी दिसणारे उदाहरण घेऊ. 1 हेक्टर 20 आर जिरायत जमीन विक्रीला आहे आणि आजच्या सातबाऱ्यावर एकच नाव आहे. विकणारा म्हणतो, ‘टायटल क्लिअर आहे.’ घेणाऱ्याने टिपण लिहिताना आजपासून मागे न जाता सर्वांत जुन्या कागदापासून सुरुवात केली. 1964 मध्ये कुळ कायद्याच्या कलम 32म खाली कुळाला प्रमाणपत्र मिळाले. 1986 मध्ये ते कुळ मरण पावले आणि वारसाचा फेरफार झाला. 1999 मध्ये मोठ्या मुलाने आजच्या मालकाला नोंदणीकृत खरेदीखत करून दिले. तीनच ओळी. प्रत्येकीत कोणाकडून कोणाकडे, किती क्षेत्र, दस्ताचा किंवा फेरफाराचा क्रमांक, आणि शेवटी फाइलीतले पान. पाने आधी पेन्सिलीने क्रमांक घालून ठेवलेली. दिसायला क्षुल्लक, पण वकिलाचा सर्वाधिक वेळ वाचतो तो या क्रमांकांनी.

खरी गोष्ट 1986 च्या ओळीत होती. त्या वेळच्या सातबाऱ्यावर फक्त मोठ्या मुलाचे नाव दिसते, नावापुढे ‘ए.कु.मॅ.’, म्हणजे एकत्र कुटुंबाचा मॅनेजर. ही तीन अक्षरे बहुतेक जण वाचून पुढे जातात. त्या नोंदीमागचा हस्तलिखित फेरफार काढला, तेव्हा त्यात मयताचे वारस म्हणून दोन मुलगे आणि एक मुलगी अशी तीन नावे निघाली. 1999 च्या खरेदीखतावर मात्र सही एकट्या मोठ्याची. बहिणीचे हक्कसोडपत्र नाही, धाकट्याची संमती नाही.

इथे टिपण लिहिणाऱ्याला मोह होतो निकाल देण्याचा: ‘बहिणीचा हक्क आहे’, नाहीतर ‘जुनी गोष्ट, आता काही होत नाही’. दोन्ही लिहू नये. जमीन बापाची स्वकष्टाची की एकत्र कुटुंबाची, मॅनेजरला विकण्याइतकी कौटुंबिक गरज होती का, आणि इतक्या वर्षांनी दाव्याची मुदत उरली का, हे तीन प्रश्न एकमेकांत गुंतलेले आहेत. 2005 च्या वारसा कायद्यातील दुरुस्तीने 20 डिसेंबर 2004 पूर्वीच्या विक्रीला हात लावलेला नाही, हे खरे. पण बापाच्या मृत्यूने मुलीकडे थेट आलेला वाटा हा वेगळा विषय आहे. टिपणात एवढेच लिहायचे: ‘फेरफारात वारस तीन (पान 7). खतावर सही एक (पान 11). इतर दोघांचा दस्त फाइलीत नाही. त्यांचा हिस्सा विक्रीत गेला का?’

दुसरी शंका सातबाऱ्याच्या ‘इतर हक्क’ रकान्यातली. ‘कु.का. कलम 43 च्या बंधनास पात्र’ असा शेरा आहे. कुळाला मिळालेली अशी जमीन विकायला तेव्हा जिल्हाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी लागे, आणि 1999 ची परवानगी फाइलीत सापडत नाही. 2014 च्या दुरुस्तीने खरेदीला 10 वर्षे झाली असल्यास आकाराच्या 40 पट नजराणा भरून परवानगीशिवाय विकता येते. ती सवलत त्यापूर्वीच्या विनापरवाना खताला तारते का, हा प्रश्न वकिलाचा. टिपणकर्त्याचे काम फक्त ‘परवानगी दिसली नाही’ आणि ‘परवानगी नव्हती’ यांतला फरक राखण्याचे. कागद प्रांत किंवा तहसील कार्यालयाच्या रेकॉर्ड रूममध्ये असूही शकतो.

तिसरी शंका छोटी. प्रमाणपत्रात आणि खतात 1 हेक्टर 20 आर, आजच्या सातबाऱ्यात 1 हेक्टर 16 आर. चार आर, म्हणजे साधारण चार गुंठे, कुठे गेले याचा फेरफार नाही. रस्त्यात गेले असतील, असे विकणारा म्हणतो. टिपणात हे ‘विकणाऱ्याचे तोंडी म्हणणे’ म्हणूनच येते.

पानाच्या तळाशी ‘काय पाहिले नाही’ असा एक भाग हवा, आणि लोक तोच गाळतात. सूची दोनचा शोध कोणत्या वर्षापासून घेतला, कोणत्या वर्षांच्या नोंदवह्यांची पाने फाटलेली होती, मोजणीचा नकाशा आला का. हे न लिहिल्यास वकील समजतो की सगळे तपासून झाले आहे.

असे पान वाचून वकिलाने पहिल्याच भेटीत तीन कागद मागितले: 1999 च्या परवानगीचा शोध, भूमी अभिलेखकडून मोजणीची नक्कल, आणि बहीण हयात आहे का, नसल्यास तिचे वारस कोण, याची माहिती. विसार त्यानंतरच.