छातीतली जळजळ आणि तीन तऱ्हेची औषधे

जठरातले आम्ल अन्ननलिकेत वर आले की छातीच्या मधोमध जळजळते. त्यावर औषधाच्या दुकानात तीन प्रकारची औषधे मिळतात. बोलण्यात ती सगळीच ‘ॲसिडिटीची गोळी’ असली तरी प्रत्येकाचे काम आणि वेग निराळा आहे.

अँटासिड जठरात आधीच तयार असलेल्या आम्लाचा जोर मारते. त्यात बहुधा मॅग्नेशियम आणि ॲल्युमिनियमचे क्षार असतात. पातळ औषध किंवा चघळायची गोळी काही मिनिटांतच आराम देते. मात्र उपाशीपोटी घेतले तर हा आराम तासाभरातच सरतो. जेवणानंतर घेतल्यास तो जास्त टिकतो.

फॅमोटिडिनसारखी आम्लरोधक गोळी आम्ल तयार करणाऱ्या पेशींना हिस्टामिनकडून मिळणारा इशारा अडवते. तिचा गुण यायला अर्धा ते एक तास लागतो, पण तो दहा-बारा तास टिकतो. रोज घेत राहिल्यास एक-दोन आठवड्यांत तिचा प्रभाव कमी होऊ लागतो.

ओमेप्राझोल, पँटोप्राझोल ही प्रोटॉन पंप इनहिबिटर गटातली औषधे. पेशींतून आम्ल बाहेर टाकणारे पंपच ती बंद पाडतात. पण बंद पडतात ते फक्त चालू असलेले पंप, आणि ते जेवणाच्या सुमारास जोरात चालतात. म्हणून ही गोळी जेवणाआधी अर्धा ते एक तास घ्यायची असते. एका मात्रेत सगळे पंप सापडत नाहीत. पूर्ण गुण यायला एक ते चार दिवस लागतात.

समजा, रात्री नऊला झणझणीत मिसळ खाल्ली आणि साडेदहाला जळजळ सुरू झाली. अशा वेळी पँटोप्राझोल घेऊन फारसे साधत नाही, कारण त्याची वेळ टळून गेलेली असते. इथे अँटासिड कामी येते. जेवण जड होणार हे आधीच माहीत असेल, तर तासभर आधी घेतलेली फॅमोटिडिन रात्र निभावून नेते. आठवड्यातून दोन किंवा अधिक दिवस त्रास होत असेल, तर डॉक्टरांच्या सल्ल्याने प्रोटॉन पंप इनहिबिटरचा ठरावीक मुदतीचा क्रम घेणे योग्य. तो बरेच दिवस घेऊन अचानक बंद केल्यास काही काळ आम्ल उलट वाढू शकते.

अँटासिडमुळे लोह, थायरॉइडच्या गोळ्या आणि काही अँटिबायोटिक्स नीट शोषली जात नाहीत, म्हणून त्यांच्यात काही तासांचे अंतर ठेवावे लागते. मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी ते विचारल्याशिवाय घेऊ नये.

गिळताना अडकणे, काळी शौच, रक्ताची उलटी किंवा विनाकारण वजन घटणे ही लक्षणे दिसल्यास तपासणी हवी. छातीतली कळ हात किंवा जबड्याकडे जात असेल, घाम फुटत असेल, तर गोळीचा गुण येण्याची वाट न पाहता तडक रुग्णालय गाठावे.