उशिरा आलेल्या क्लिकचा हिशेब

संकेतस्थळावर कुणी क्लिक केले की त्याची एक छोटी नोंद तयार होते. कोणते पान, कोणते बटण, किती वाजता, कोणत्या उपकरणावरून, एवढाच तिचा मजकूर. अशा नोंदींच्या ओघाला क्लिकस्ट्रीम म्हणतात. क्लाउडमध्ये या नोंदी काफ्का किंवा किनेसिससारख्या रांगेत जमा होतात आणि फ्लिंकसारखी प्रणाली त्या येतील तशा मोजत जाते. हा ओघ कधी थांबत नाही, त्यामुळे ‘एकूण किती’ या प्रश्नाला शेवटचे उत्तर नसते. ‘10:00 ते 10:05 या वेळात किती’ याला मात्र असते. म्हणून मोजणीसाठी वेळेचे तुकडे पाडतात. अशा तुकड्याला विंडो म्हणतात.

सर्वात साधी विंडो ठरावीक लांबीची असते. दर पाच मिनिटांनी एक संपते आणि दुसरी सुरू होते. काही विंडो एकमेकींवर चढलेल्या असतात, उदाहरणार्थ दर मिनिटाला मागच्या पाच मिनिटांची बेरीज. तिसरा प्रकार सेशन विंडोचा. तिची लांबी आधी ठरलेली नसते. एकाच व्यक्तीच्या दोन क्लिकमध्ये, समजा, 30 मिनिटांपेक्षा जास्त खंड पडला, की एक भेट संपली आणि दुसरी सुरू झाली असे धरतात.

खरी अडचण घड्याळाची आहे. प्रत्येक नोंदीला दोन वेळा असतात: क्लिक झाली ती वेळ आणि नोंद क्लाउडमध्ये पोहोचली ती वेळ. फोनला रेंज नसेल तर या दोन वेळांत काही सेकंदांपासून काही तासांपर्यंत अंतर पडते. पोहोचण्याची वेळ धरून मोजले तर काम सोपे होते, पण बोगद्यातून गाडी बाहेर पडताच साठलेल्या नोंदी एकदम येतात आणि आलेखावर नसलेली गर्दी दिसते. क्लिकची वेळ धरली तर आकडा खरा मिळतो, पण विंडो केव्हा बंद करायची हे ठरवावे लागते. गूगलच्या अभियंत्यांनी 2015 साली प्रसिद्ध केलेल्या ‘डेटाफ्लो मॉडेल’ या निबंधात बरोबर आकडा, विलंब आणि खर्च यांच्यातली ही ओढाताण नीट मांडली आहे.

विंडो बंद करण्याचा निर्णय वॉटरमार्कवर होतो. ‘या वेळेपर्यंतच्या नोंदी बहुधा आल्या’ असा प्रणालीने बांधलेला अंदाज म्हणजे वॉटरमार्क. नेहमीची रीत अशी की, आतापर्यंत दिसलेल्या सर्वात अलीकडच्या क्लिकच्या वेळेतून ठरावीक सवलत वजा करायची.

आंबे विकणाऱ्या एखाद्या संकेतस्थळाची 10:00 ते 10:05 ही विंडो घेऊ. सवलत दोन मिनिटांची आहे. 10:07 ची क्लिक दिसताच वॉटरमार्क 10:05 वर येतो, विंडोचा निकाल लागतो आणि आकडा निघतो: 412. एका ग्राहकाची 10:03 ची क्लिक 10:06 ला पोहोचली होती. ती या 412 मध्ये आहे. दुसऱ्याची 10:04 ची क्लिक 10:11 ला येते. निकाल लागून गेला आहे, पण विंडोची स्थिती आणखी दहा मिनिटे जपून ठेवण्याची सोय केलेली असेल, तर सुधारित आकडा 413 पुन्हा बाहेर पडतो. तिसऱ्याचा फोन बंद पडला होता. त्याची 10:01 ची क्लिक 11:40 ला येते. तोवर विंडो पुसली गेलेली असते. फ्लिंक अशी नोंद मुकाट्याने टाकून देते. ती हवी असेल तर उशिराच्या नोंदींसाठी वेगळी वाट आधीच काढून ठेवावी लागते.

सवलत वाढवली तर कमी नोंदी हुकतात, पण प्रत्येक आकडा तेवढा उशिरा मिळतो आणि अधिक विंडो स्मृतीत धराव्या लागतात.

वॉटरमार्क फसतो तो दोन प्रकारे. समजा, ॲपच्या नव्या आवृत्तीत भारतीय वेळ चुकून यूटीसी म्हणून लिहिली गेली. मग सकाळी दहाची क्लिक दुपारी साडेतीनची ठरते, वॉटरमार्क साडेपाच तास पुढे उडी मारतो आणि जुन्या आवृत्तीतून येणाऱ्या योग्य नोंदी उशिराच्या ठरून गळू लागतात. फ्लिंकमधला `numLateRecordsDropped` हा आकडा अचानक चढला की हे लक्षात येते. उपाय म्हणजे सर्व्हरच्या वेळेपेक्षा बरीच पुढची वेळ सांगणारी नोंद दारातच अडवणे. दुसरा प्रकार उलटा. काफ्काची रांग अनेक भागांत विभागलेली असते आणि एकूण वॉटरमार्क सर्वात मागे असलेल्या भागावरून ठरतो. रात्री एखाद्या भागात काहीच आले नाही तर वॉटरमार्क तिथेच अडकतो: नोंदी येत राहतात, पण निकाल एकही निघत नाही. असा भाग ठरावीक वेळानंतर निष्क्रिय समजून वगळण्याची तरतूद करावी लागते.

सेशन विंडोत उशिराची एक नोंद जुना निकालच मोडू शकते. एका ग्राहकाच्या क्लिक 10:10 आणि 10:45 ला झाल्या. मध्ये 35 मिनिटे, म्हणून भेटी दोन. मागाहून 10:28 ची क्लिक आली की दोन्ही खंड 18 आणि 17 मिनिटांचे होतात आणि भेट एकच उरते. इथे नवा आकडा पाठवून भागत नाही; आधी पाठवलेल्या दोन भेटी मागेही घ्याव्या लागतात.

उशिराइतकाच त्रास दुबार नोंदींचा. नोंद पोहोचली पण पोच हरवली, तर ब्राउझर तीच पुन्हा पाठवतो. ‘एक्झॅक्टली वन्स’, म्हणजे प्रत्येक नोंद नेमकी एकदाच, हा दावा इथे नीट वाचायला हवा. फ्लिंक ठरावीक अंतराने चेकपॉइंट घेते: रांगेत कुठवर वाचले आणि आकडे किती झाले, हे दोन्ही एकत्र साठवते. समजा, 8,000 व्या नोंदीला चेकपॉइंट झाला आणि 8,300 व्या नोंदीला यंत्र कोसळले. प्रणाली 8,000 वर परत जाते, आकडेही तेव्हाचे घेते आणि 300 नोंदी पुन्हा वाचते. नोंदींवर प्रक्रिया दोनदा झाली, पण आकड्यावर परिणाम एकदाच झाला. दावा इतकाच आहे.

त्या 300 नोंदींपायी आधीच बाहेर पाठवलेले आकडे मात्र परत येत नाहीत. त्यासाठी दोन मार्ग आहेत. एक, निकाल पान आणि विंडो या किल्लीखाली लिहायचा, म्हणजे दुसऱ्यांदा लिहिला तरी जुन्याच्या जागी बसतो. दुसरा, काफ्काचे व्यवहार वापरायचे. 2017 च्या 0.11 आवृत्तीपासून ते उपलब्ध आहेत. निकाल चेकपॉइंट पूर्ण झाल्यावरच पक्का होतो, म्हणून तेवढा विलंब सोसावा लागतो. शिवाय वाचणाऱ्यानेही `isolation.level=read_committed` असे ठरवायला हवे. मूळ सेटिंग तसे नसते, त्यामुळे रद्द झालेले निकालही त्याच्या हाती पडतात.

ब्राउझरने पुन्हा पाठवलेली नोंद या सगळ्याच्या बाहेर राहते. रांगेच्या दृष्टीने ती नवीच असते. ती ओळखायची तर क्लिक होतानाच ब्राउझरने तिला `event_id` द्यावा लागतो. सर्व्हरने दिला तर प्रत्येक फेरीत नवा क्रमांक पडतो. पाहिलेले क्रमांकही कायम ठेवता येत नाहीत. 24 तास ठेवले तर पंचविसाव्या तासाची दुबार नोंद निसटते. म्हणून कच्च्या नोंदी वेगळ्या साठवून दुसऱ्या दिवशी पडताळणी करतात:

```
SELECT COUNT(*), COUNT(DISTINCT event_id)
FROM raw_clicks
WHERE event_date = '2024-05-10';
```

पहिला आकडा मोठा असेल तर फरक दुबार नोंदींचा. दुसरा आकडा चालू मोजणीच्या बेरजेपेक्षा मोठा असेल, तर तेवढ्या नोंदी उशिरा आल्याने हुकल्या; लहान असेल, तर दुबार नोंदी मोजणीत शिरल्या. दोन्ही चुका एकाच दिवशी झाल्या तर त्या एकमेकींना झाकतात, म्हणून टाकलेल्या आणि दुबार ठरलेल्या नोंदी वेगवेगळ्या मोजाव्या लागतात. पाठवण्याआधीच टॅब बंद झाली किंवा जाहिरातरोधकाने नोंद अडवली, तर ती यांपैकी कोणत्याच आकड्यात दिसत नाही.