दुपारची सुस्ती आणि विद्यार्थ्याचा अभ्यास

दुपारचें जेवण आटोपून दीड वाजतां पुस्तक उघडलेला मुलगा पेंगूं लागला, कीं घरांतील वडील मंडळी त्याला आळशी ठरवून मोकळी होतात. आमच्याही घरीं असेंच झालें. पुतण्या दहावीला होता. सुटीच्या दिवशीं दीड वाजतां तो त्रिकोणमितीचें नवें प्रकरण घेऊन बसे. पुस्तकांत सोडवून दाखविलेलें उदाहरण वाचतांना त्यास सारें उमजल्यासारखें वाटे. परंतु संध्याकाळीं तसलेंच उदाहरण कोऱ्या कागदावर मांडूं जातां पहिल्याच पायरीला हात थांबे. आजोबा रागावत, आणि मुलगा आपणांस बुद्धीच नाहीं असें मानूं लागला होता.

दोष बुद्धीचा नव्हता, वेळेचा होता. दुपारीं एक ते तीनच्या सुमारास येणारी ग्लानि केवळ भोजनामुळें येत नाहीं. झोप व जागृति यांच्या दैनिक चक्रांतच तेथें एक उतार असतो. म्हणून न जेवलेल्यासही ती थोडीबहुत जाणवते. भरपेट वरणभात व गोडधोड यांनीं ती वाढते, इतकेंच. नव्या प्रकरणांत समोरची बाजू कोणती, कर्ण कोणता, गुणोत्तर कोणतें, हे दुवे एकाच वेळीं मनांत धरावे लागतात, आणि या वेळीं तेच निसटतात. एकच ओळ तीनदां वाचावी लागली, किंवा उतरवून घेतांना ६९ चे ९६ झाले, म्हणजे उतार लागला असें समजावें.

म्हणून आम्हीं क्रम बदलला. त्रिकोणमिति सकाळीं सातला गेली. दुपारीं दीड वाजतां विज्ञानाची जुनी टिपणवही आली. तिच्या समासांत प्रत्येक परिच्छेदाचा एक प्रश्न लिहिलेला असे. मजकूर झांकून त्यानें उत्तर मोठ्यानें सांगावें, मग उघडून पडताळावें, आणि जेथें अडखळला तेथें तांबड्या पेन्सिलीची खूण करावी; इतकेंच काम. अडलेलें तेव्हांच समजून घेण्याचा हट्ट नाहीं. चारच्या चहानंतर त्या खुणांकडे वळावयाचें. पहिल्या दुपारीं अकरा खुणा झाल्या. चौथ्या दिवशीं त्याच पानांवर तीन उरल्या.

येथें एक चूक फार होते. लोडाला टेकून नुसतें वाचीत गेल्यास उजळणी होत नाहीं, अंगाईगीत मात्र होतें. तोंडानें किंवा हातानें कांहीं केलेंच पाहिजे. फारच डोळे मिटत असतील, तर पंधरावीस मिनिटें निजावें; तासभर निजल्यास उठल्यावर डोकें अधिकच जड होतें.

मात्र मुलगा सकाळीं दहालाही पेंगत असेल, तर हा उपाय त्याचा नव्हे. रात्रीची झोप अपुरी आहे, आणि तेथें दिवा लवकर मालविणें हेंच औषध.

आजोबा आतां दुपारीं वही हातांत घेऊन प्रश्न विचारतात. कधीं उत्तर यावयाच्या आधीं त्यांचाच डोळा लागतो. तेव्हां पुतण्या हळूच खूण करून पुढें जातो.