नाव पटावर, मूल कामावर

शाळा सोडण्याची अशी एक तारीख नसते. दाखला काढायला कोणी येत नाही, वर्गात निरोपसमारंभ होत नाही. कधी सोमवारचा खाडा, कधी बाजाराच्या दिवसाचा, मग सलग चार दिवस, मग दिवाळीची सुट्टी संपून आठवडा उलटला तरी पत्ता नाही. हजेरीपटात हे सगळे नोंदलेले असते. फक्त ते महिन्याअखेरीस बेरीज मारण्यासाठी नोंदलेले असते, वाचण्यासाठी नाही.

शहाडला हे विशेष जाणवते, कारण गाव दोन महापालिकांच्या शिवेवर आहे. एका अंगाला उल्हासनगर, दुसऱ्या अंगाला कल्याण-डोंबिवली, आणि आंबिवली-टिटवाळ्याच्या पुढे गेले की जिल्हा परिषदेच्या शाळा. सेंच्युरी रेयॉनच्या भोंग्यावर ज्यांची घरे चालली त्यांची पुढची पिढी आज इंग्रजी माध्यमात आहे. पालिकेच्या वर्गांत बसतात ती मुले नंतर आलेल्यांची : नाक्यावर उभे राहून रोज मिळवणाऱ्यांची, घरकामाला जाणाऱ्या बायांची, उल्हासनगरच्या जीन्सचे धागे घरी बसून कापणाऱ्यांची. भाड्याची खोली अकरा महिन्यांनी बदलते. चार गल्ल्या पलीकडे बिऱ्हाड हलले तरी पालिका बदलते, आणि जुन्या शाळेला वाटते मूल नव्या शाळेत गेले असेल. नव्या शाळेला ते आहे हेच ठाऊक नसते.

ही गळती कोणाला नवी नाही. १९२९च्या हार्टोग समितीने पहिलीत बसलेल्या शंभर मुलांतली विसाच्या आतच चौथीपर्यंत टिकतात, असे दाखवून दिले होते. पुढे जे. पी. नाईकांसारख्या माणसाने या प्रश्नावर उभी हयात घालवली. आज चित्र पुष्कळ पालटले आहे. प्राथमिक वर्गांतली गळती कागदावर जवळजवळ संपली आहे. पण या ‘कागदावर’मध्ये बरेच काही दडलेले असते.

शिक्षकांची पदे पटावर मंजूर होतात. संचमान्यतेत प्राथमिकला तीस मुलांमागे एक शिक्षक धरला जातो, म्हणजे दोन-चार नावे कमी झाली की एखादा शिक्षक अतिरिक्त ठरू शकतो. २०११ सालच्या पटपडताळणीत राज्यभर लाखो मुले जागेवर सापडली नाहीत, तो सगळा प्रकार वाचकांना आठवत असेल. त्यानंतर उघड बनवाबनवी आटोक्यात आली, पण न येणाऱ्या मुलाचे नाव घाईने कमी करू नये हा शाळेचा स्वाभाविक कल राहिलाच. शिवाय सलग महिनाभर गैरहजर असेल तरच मूल ‘शाळाबाह्य’ धरायचे, असा हिशोब. महिन्यातून दोनदा तोंड दाखवणारे मूल त्या व्याख्येत कधीच बसत नाही.

आता घराकडून पाहा. ज्या घरात आईवडील शिकलेले असतात तिथे पोर टायफॉइडने महिनाभर अंथरुणाला खिळले तर बरे झाल्यावर चिठ्ठी लिहून त्याला पाठवतात, वही कोणाची तरी आणून उतरवून घेतात. शिकणारी पहिलीच पिढी असेल तर महिना गेल्यावर घरात मानून चालतात की आता नाव कापले असेल, बाई ओरडतील, दंड मागतील. शाळेत नाव शाबूत, घरी मात्र ते कापले गेल्याची खात्री. मधे सांगणारा कोणी नाही. माझ्या मते गळतीची बरीचशी कहाणी या एवढ्या गैरसमजात आहे, आणि तो दूर करायला ना नवी योजना लागते ना निधी.

एक उदाहरण मांडतो. रचलेलेच आहे, पण त्यातला एकही तपशील या वस्तीला परका वाटणार नाही. मुलगी सातवीत. बाप नाक्यावरचा कामगार, आई घरी जीन्सचे धागे कापते. संध्याकाळी कारखान्यातून गठ्ठा येतो, सकाळी माणूस तो उचलायला येतो, मजुरी नगावर. धाकटा भाऊ दोन वर्षांचा. जूनमध्ये मुलीचे दोन खाडे, जुलैत चार, ऑगस्टमध्ये सहा, सप्टेंबरात नऊ. दिवाळीआधी कारखान्याला घाई असते म्हणून ऑक्टोबरात बारा. दिवाळीनंतर ती आठवड्यातून तीनदा येते, सहामाहीला गणिताच्या पेपराला नव्हती, आणि जानेवारीत पटावर तिच्यासमोर सरळ रेघ.

वर्गशिक्षिकेच्या लक्षात ती जानेवारीत येते. पण पट ऑगस्टमध्येच बोलत होता. सहापैकी पाच खाडे गठ्ठा जास्त असण्याच्या वारांचे होते, आजारपणाचे नव्हते. आजाराचे खाडे सलग पडतात, कामाचे ठरावीक वारांना पडतात, आणि धाकट्याला सांभाळण्याचे खाडे आई बाहेर कामाला लागली की एकदम सुरू होतात. ही तीन वळणे ओळखायला पटाचे पान महिन्याने नव्हे, दर शनिवारी पाच मिनिटे पाहावे लागते.

मग करायचे काय? सलग तीन खाडे झाले की त्याच दिवशी फोन, आणि महिन्यात पाच झाले की घरी जायचे. पस्तिसांच्या वर्गात असे चार-पाच जण निघतील, असा माझा अंदाज आहे. म्हणजे आठवड्याला एक-दोन घरे. हेही एकट्या शिक्षिकेवर टाकले तर दोन महिन्यांत बंद पडेल, कारण तिच्या डोक्यावर मतदारयादीचे काम आहे, ऑनलाइन माहिती भरणे आहे, सर्वेक्षणे आहेत. पण शाळा व्यवस्थापन समितीत कायद्याने तीन चतुर्थांश पालक असतात आणि निम्म्या स्त्रिया. बहुतेक ठिकाणी या समितीचे काम सह्यांपुरते उरले आहे. त्याच गल्लीतली एखादी समितीतली आई बरोबर असेल तर भेटीचा सूरच बदलतो.

भेटीत ‘मुलीला शाळेत का पाठवत नाही?’ हा प्रश्न कामाचा नाही. त्याला उत्तर एकच येते : ‘उद्यापासून पाठवते बाई.’ विचारायचे ते गठ्ठा किती वाजता येतो, कोण कापते, धाकटा कोणाकडे असतो. २०१६ च्या दुरुस्तीनंतर बालमजुरीच्या कायद्याने चौदा वर्षांखालच्या मुलांना घरच्या कामात मदत करायला शाळा सुटल्यावर आणि सुट्टीत मुभा ठेवली आहे. ही फट मला पटत नाही, पण आईशी बोलताना तीच धरून चालता येते : धागे शाळेनंतर, सकाळी नाही. आणि सगळ्यात आधी सांगायचे ते हे, की नाव कापलेले नाही, उद्या आली तर कोणी रागावणार नाही. दोन वर्षांच्या धाकट्याचे कोडे मात्र शाळेला सुटत नाही. अंगणवाडीची शाळापूर्व बैठक तीन वर्षांपुढच्यांची, आणि परवडेल असे पाळणाघर वस्तीत नसते. इथे शाळेची ताकद संपते, हे मान्य करावे.

कल्याण, अंबरनाथ, भिवंडीच्या वीटभट्ट्यांवर येणाऱ्या कातकरी मुलांची गोष्ट वेगळी आहे. तिथे खाडे हळूहळू वाढत नाहीत. बयाणा घेतलेले कुटुंब दिवाळीनंतर उठते ते पावसाच्या तोंडावरच परतते. जुलै २०२२ मध्ये राज्याने ५ ते २० तारखेला ‘मिशन झिरो ड्रॉपआउट’ राबवले. हेतू चांगला होता, पण जुलैत भट्टीवर चूल पेटत नसते; ही मुले तेव्हा पाड्यावर असतात आणि शाळेतही सापडतात. ती हातून जातात नोव्हेंबरात. याच जुन्या ठाणे जिल्ह्यात, डहाणूजवळच्या कोसबाडला, ताराबाई मोडक आणि अनुताई वाघांनी गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा चालवली. मूल जिथे असेल तिथे शाळा गेली. पालिकेच्या शाळेला तेवढे जमणार नाही. पण भट्टीवरून मूल आले तर दाखल्यासाठी अडवू नये एवढे तरी जमेल. शिक्षण हक्क कायद्याच्या पाचव्या कलमात स्पष्ट आहे की दाखला यायला उशीर झाला म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. तरी ‘आधी दाखला आणा’ हे वाक्य अजून ऐकू येते, आणि ज्याला वाचता येत नाही तो बाप ते ऐकून परत फिरतो. गावातल्या मुख्याध्यापकाने निघणाऱ्या कुटुंबाला शिक्षण हमी कार्ड द्यावे, कुठल्या भट्टीवर चालले ते विचारून तिथल्या शाळेला फोन करावा. कार्ड पेटीत राहून जाते, फोन केलेला असला की निदान कोणीतरी वाट पाहत असते.

आता नववी. सगळ्यात मोठी पडझड इथे आहे, आणि कारण साधे आहे. शिक्षण हक्क कायदा आठवीपर्यंत. शाळेतला पोषण आहार आठवीपर्यंत. मोफत पाठ्यपुस्तके आठवीपर्यंत. अनेक पालिका शाळांचे वर्गही सातवी-आठवीलाच संपतात, म्हणजे शाळाही बदलायची. जे जे म्हणून मुलाला धरून ठेवत होते ते एकाच जूनमध्ये सुटते. २०२१-२२च्या यू-डायसच्या आकडेवारीत देशभरची गळती प्राथमिकला दीड टक्का, उच्च प्राथमिकला तीन आणि माध्यमिकला साडेबारा टक्क्यांच्या वर होती, यात आश्चर्य वाटायला नको.

त्यात आणखी एक जुनी खोड. दहावीचा निकाल चांगला लागावा म्हणून काही शाळा कच्च्या मुलांना नववीतच रोखतात, नाहीतर ‘१७ नंबरचा फॉर्म भर’ असे सुचवतात. १७ नंबरने बाहेरून दहावीला बसता येते, कित्येकांना त्याने तारले आहे. पण ज्या घरात अभ्यास घेणारे कोणी नाही त्या मुलाला तो देणे म्हणजे पुस्तकासह दाराबाहेर सोडणे. आणि कच्चेपण नववीत आलेले नसते. पाचवीत दुसरीचा उतारा अडखळत वाचणारे मूल घरी कोणाला खटकत नाही, कारण ते अडखळते आहे हे कळायला घरात कोणीतरी वाचणारे लागते. शाळेने पाचवी ते सातवीत रोज एक तास इयत्ता बाजूला ठेवून वाचनाच्या पायरीप्रमाणे गट केले, तर ही तूट भरता येते. ‘प्रथम’ने मुंबईच्या पालिका शाळांत बालसखींकडून मागे पडलेल्या तिसरी-चौथीच्या मुलांना रोज दोन तास वेगळे शिकवले, तेव्हा सर्वांत कच्च्या मुलांना त्याचा चांगला फायदा झालेला दिसला. तिथे शिकवणाऱ्या मुली वस्तीतल्याच होत्या, डी.एड. झालेल्या नव्हत्या.

आठवी ते नववीच्या उडीसाठी काम फेब्रुवारीत सुरू करावे लागते. मुख्याध्यापकांनी आठवीतल्या प्रत्येक मुलासमोर पुढच्या शाळेचे नाव लिहायचे. ज्यांच्यासमोर लिहिता येत नाही त्यांच्या पालकांना घेऊन एप्रिलमध्येच जवळच्या अनुदानित हायस्कुलात जायचे. नववी पास झालेल्यांची पुस्तके सुट्टीआधी गोळा करून यांना द्यायची. जातीच्या दाखल्याचे प्रकरण मात्र फेब्रुवारीतही उशिराचे ठरते. अनुसूचित जातींसाठी १९५०, भटक्या-विमुक्तांसाठी १९६१, इतर मागासवर्गीयांसाठी १९६७च्या आधीचा महाराष्ट्रातला रहिवास दाखवावा लागतो. शहाडला दहा वर्षांपूर्वी आलेल्या बापाला त्यासाठी मूळ गावी आजोबाच्या शाळेचा उतारा शोधावा लागतो, आणि आजोबा शाळेत गेलेलाच नसतो. मग तलाठ्याकडचे जुने कागद, जन्ममृत्यूची नोंद, गावाकडच्या खेपा. शिष्यवृत्तीचा प्रश्न नववीत उभा राहतो म्हणून ही शोधाशोध नववीत सुरू होते, ती पाचवीतच सुरू करायला हवी. आणि जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात जुन्या शाळेने हायस्कुलात यादी घेऊन जायचे. प्रवेश कोणी घेतला हे कार्यालय सांगेल. बाकावर कोण बसले आहे ते वर्गात जाऊनच पाहावे लागते.