क्लिप किती सेकंदांची चालते?

दहा सेकंदांपेक्षा छोटी क्लिप घेतली की कॉपीराइटचं झंझट नाही, असं व्हिडिओ निबंध करणारे बरेच जण धरून चालतात. कायद्यात असा आकडा कुठेही नाही. १९५७च्या कॉपीराइट कायद्याचं कलम ५२ समीक्षेसाठी दुसऱ्याच्या कृतीचा रास्त वापर करू देतं. रास्त म्हणजे किती, हे प्रकरणागणिक ठरतं.

केरळ उच्च न्यायालयाने १९९६ मध्ये सिविक चंद्रन यांच्या प्रतिनाटकाच्या खटल्यात तीन गोष्टी तपासल्या. टीकेच्या मानाने किती मजकूर उचलला, कशासाठी उचलला आणि त्याने मूळ कृतीशी स्पर्धा होते का? यातली पहिली कसोटी थेट निबंधाच्या बांधणीशी जाऊन भिडते.

व्हिडिओ निबंधाचा प्रत्येक टप्पा साधारण असा असतो: आधी विधान, मग ते दाखवणारी क्लिप, मग त्या क्लिपमध्ये काय पाहायचं ते सांगणारं निवेदन. समजा, चैतन्य ताम्हाणे यांच्या ‘कोर्ट’वर निबंध करायचा आहे. विधान असं की, प्रसंगाचं काम संपलं तरी इथला कॅमेरा जागचा हलत नाही. शेवटाकडे कोर्टाला सुट्टी लागते, माणसं निघून जातात, दिवे मालवले जातात आणि पडद्यावर अंधार होतो. इथे दोन सेकंदांचा तुकडा कुचकामी आहे, कारण मुद्दाच रेंगाळण्याचा आहे. रिकामं होत जाणारं कोर्ट सलगच दाखवावं लागेल. त्याआधीची सुनावणी मात्र एका वाक्यात सांगून भागतं. पुढचा न्यायाधीशांच्या सहलीचा प्रसंग कितीही गाजलेला असला, तरी या विधानाला तो लागत नाही. तो घातला, तर ती नुसती सजावट.

क्लिप लांब असूनही वापर ग्राह्य ठरू शकतो, हे अमेरिकेतल्या २०१७च्या हुसेनजादेह विरुद्ध क्लाइन खटल्यात दिसलं. सुमारे साडेपाच मिनिटांच्या व्हिडिओतली तीन मिनिटांहून अधिक दृश्यं क्लाइन दांपत्याने वापरली होती, पण दर थोड्या वेळाने थांबवून, त्यावर टीका करत. न्यायालयाने तो वापर योग्य ठरवला. मात्र भाष्य न करता नुसतं बघत बसणाऱ्या व्हिडिओंना ही मोकळीक आपोआप मिळत नाही, हेही बजावलं.

संकलनाच्या टेबलावर दोन प्रश्न पुरतात. क्लिप काढली तरी मुद्दा तितकाच पटतो का? पटत असेल, तर ती काढावी. निवेदन बंद केलं, तर नुसता सिनेमा पाहिल्याचं समाधान मिळतं का? मिळत असेल, तर क्लिप कापावी.

यूट्यूबची Content ID यंत्रणा यातलं काहीच पाहत नाही. ती फक्त चित्र आणि आवाज जुळवते. त्यामुळे रास्त वापरावरही दावा येतो. त्याला हरकत घेताना ‘मी श्रेय दिलं आहे’ एवढंच लिहून भागत नाही. कोणत्या मिनिटाला कोणती क्लिप आहे आणि तिच्यावर नेमकं काय भाष्य केलं आहे, ते लिहावं लागतं.